ऑसिलोस्कोपवरची वेटोळी

ऑसिलोस्कोपचा पडदा एरवी वेळेचा आलेख काढतो: प्रकाशबिंदू ठरावीक वेगाने डावीकडून उजवीकडे सरकत असतो आणि विद्युतदाबाप्रमाणे वर-खाली होत असतो. X-Y पद्धत निवडली की ही ठरावीक चाल थांबते. मग एक लहर बिंदूला आडवे हलवते आणि दुसरी उभे. दोन्ही साइन लहरी असतील आणि त्यांच्या वारंवारतांचे प्रमाण लहान पूर्णांकांचे असेल, तर बिंदू पुन्हा पुन्हा त्याच वाटेने फिरतो आणि पडद्यावर एक स्थिर वेटोळे उमटते. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ ज्यूल आंत्वान लिसाजू यांनी १८५७ च्या सुमारास आरसे लावलेल्या नादकाट्यांवरून प्रकाशकिरण परावर्तित करून अशाच आकृत्या मिळवल्या. म्हणून त्यांना लिसाजू आकृत्या म्हणतात.

वारंवारतांचे प्रमाण आकृतीच्या कडांवरून मोजता येते. प्रत्येक उभ्या आंदोलनात बिंदू एकदाच सर्वांत वर पोहोचतो आणि प्रत्येक आडव्या आंदोलनात एकदाच सर्वांत उजवीकडे. म्हणून वेटोळे वरच्या कडेला तीन ठिकाणी आणि उजव्या कडेला दोन ठिकाणी टेकत असेल, तर उभी तीन आंदोलने होतात तेवढ्या वेळात आडवी दोन होतात. आडव्या बाजूला ५० हर्ट्झची ज्ञात लहर दिली असेल, तर उभ्या बाजूची अज्ञात लहर ७५ हर्ट्झची ठरते. मात्र काही विशिष्ट कलांतरांना वेटोळे मिटून एकाच रेषेसारखे होते आणि तिची टोके कोपऱ्यांत येतात. अशा वेळी कोपऱ्यातला स्पर्श अर्धा धरावा लागतो, नाहीतर प्रमाण चुकते.

प्रमाण किंचित जरी ढळले, तरी आकृती स्थिर राहत नाही, ती हळूहळू रूप पालटते. १:१ प्रमाणाच्या जवळपास तिरकी रेषा फुगून वर्तुळ होते, उलट्या दिशेला झुकते आणि पुन्हा मूळ रेषेवर येते. या फेऱ्याला पाच सेकंद लागले, तर दोन वारंवारतांत ०.२ हर्ट्झचा फरक आहे. एवढा बारीक फरक नुसत्या डोळ्यांनी टिपणे ही या पद्धतीची खरी ताकद आहे.

वारंवारता समान असल्या की वेटोळ्याच्या आकारात उरते ते कलांतर. दोन लहरी बरोबरीने चालत असतील, तर तिरकी रेषा दिसते. एक लहर मागे पडली की ती रेषा उघडून लंबवर्तुळ होते, कारण आडवी लहर शून्यावर असताना उभी अजून शून्यावर आलेली नसते. त्या क्षणी ती किती दूर आहे, तेच मोजायचे. लंबवर्तुळाची पूर्ण उंची A आणि मधल्या उभ्या रेषेवर त्याने कापलेले अंतर B असेल, तर sin φ = B/A.

१ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडलेल्या साध्या लो-पास फिल्टरचे उदाहरण घेऊ. फिल्टरला दिलेली १००० हर्ट्झची लहर आडव्या बाजूला जोडायची आणि कपॅसिटरवरची लहर उभ्या बाजूला. आधी दोन्ही वाहिन्या ग्राउंडवर ठेवून बिंदू नेमका मध्यभागी आणावा, कारण मध्य सरकला की B चुकतो. मग आकृतीची उंची सहा घरे केली, तर मधल्या रेषेवर सुमारे ३.२ घरे मिळतात. गुणोत्तर ०.५३, म्हणजे कोन सुमारे ३२ अंश. गणिताने येणारे उत्तरही तेच आहे. उंची किती घरांची ठेवावी याला बंधन नाही, कारण A आणि B एकाच प्रमाणात बदलतात.

हेच लंबवर्तुळ उलट्या बाजूला झुकलेले असते, तर ३२ ऐवजी १४८ अंश घ्यावे लागले असते. कोणती लहर पुढे आणि कोणती मागे, हे मात्र स्थिर आकृती सांगत नाही. बिंदू घड्याळाच्या दिशेने फिरला काय किंवा उलट फिरला काय, वाट तीच उमटते. त्यासाठी वारंवारता इतकी कमी करावी लागते की बिंदूची चाल डोळ्यांना दिसेल, किंवा वेळेच्या आलेखाकडे परत जावे लागते.

कोन शून्याजवळ असताना ही पद्धत फार संवेदनशील असते, एका अंशाचा फरकही रेषा उघडून दाखवतो. ९० अंशांजवळ ती मंदावते: ८२ अंशांना गुणोत्तर ०.९९० आणि ८५ अंशांना ०.९९६, आणि पडद्यावरच्या रेषेच्या जाडीतच हा फरक बुडून जातो.

आणखी एक चूक उपकरणातच दडलेली असू शकते. जुन्या ऑसिलोस्कोपमध्ये आडव्या बाजूचा अ‍ॅम्प्लिफायर उभ्या बाजूच्या मानाने संथ असतो, त्यामुळे उच्च वारंवारतेला तो स्वतःच कलांतर निर्माण करतो. मोजणीआधी एकच लहर दोन्ही वाहिन्यांना द्यावी. तिरकी रेषा आली, तर वाहिन्या जुळलेल्या आहेत. लंबवर्तुळ आले, तर तो कोन उपकरणाचा आहे आणि त्या वारंवारतेच्या प्रत्येक मोजमापात तो हिशेबात धरावा लागतो.