पुसट फोटोतले गणित आणि त्याला द्यायचे उत्तर

वर्गमैत्रिणीने पाठवलेल्या पुसट फोटोला उत्तर देताना दोन गोष्टी कळवायच्या असतात. फोटोतले काय वाचता आले आणि काय वाचता आले नाही. ‘फोटो नीट दिसत नाहीये, परत पाठव’ या उत्तरातून यांपैकी एकही कळत नाही. मग ती त्याच दिव्याखाली, त्याच अंतरावरून पुन्हा फोटो काढते आणि दुसरा फोटोही बहुधा पहिल्यासारखाच येतो. पुन्हा काय काढायचे हे नेमके सांगायचे, तर पुसट भागात नक्की काय हरवले आहे ते आधी उत्तर देणाऱ्याला ओळखावे लागते.

अकरावीच्या भौतिकशास्त्रात नेहमी भेटणारे एक गणित पाहू. उतरणीवर 4 किलोचा ठोकळा आहे. त्याला बांधलेली दोरी वरच्या टोकाच्या कप्पीवरून पलीकडे जाते आणि तिच्या टोकाला 3 किलोचे वजन लटकते. ठोकळा सुरुवातीला स्थिर आहे आणि g = 10 धरायचे आहे. फोटोत वजने स्वच्छ दिसतात, पण आकृतीतला कोन 30° आहे की 80° ते कळत नाही, कारण पुसट झाल्यावर 3 ची उघडी बाजू मिटते आणि तो 8 सारखा दिसू लागतो. घर्षण गुणांक पानाच्या घडीत गेला आहे. तो 0.2 असेल किंवा 0.3.

कोन 30° आणि गुणांक 0.2 धरला, तर लटकते वजन 30 न्यूटनने ओढते आणि ठोकळ्याच्या वजनाचा उतरणीच्या दिशेचा भाग 20 न्यूटन भरतो. उरलेल्या 10 न्यूटनपैकी सुमारे 6.9 न्यूटन घर्षणात जातात. बाकीचे 3.1 न्यूटन दोन्ही वस्तूंच्या मिळून 7 किलोंना हलवतात, म्हणून ठोकळा सुमारे 0.44 मीटर प्रति सेकंद वर्ग एवढ्या त्वरणाने वर सरकतो. गुणांक 0.3 असेल तर घर्षण 10.4 न्यूटनपर्यंत रोखू शकते. ओढ फक्त 10 न्यूटनची असल्याने ठोकळा हलतच नाही. आणि गुणांक 0.2 च ठेवून कोन 80° घेतला, तर ठोकळा उलट खाली घसरू लागतो, तोही सुमारे 1.14 त्वरणाने. एकच गणित वर जाते, जागीच राहते किंवा खाली येते, आणि हे ठरते दोन पुसट आकड्यांवर. अंदाजाने आकडा धरून सोडवून देणारा मित्र म्हणूनच फारसा उपयोगाचा नाही. उत्तर पुस्तकाशी जुळले नाही की दोघेही रीतीतली चूक शोधत बसतात, आणि रीत तर बरोबरच असते. ‘सुरुवातीला स्थिर’ हे दोन शब्दही घडीत गेले असतील तर अडचण वाढते, कारण आधीपासून वर सरकत असलेला ठोकळा 0.3 च्या घर्षणाने थांबेपर्यंत मंदावत जातो. ते गणित वेगळे होते.

यानंतर फोटो का बिघडला ते पाहायचे. त्यासाठी पुसट भाग मोठा करून एखादे पूर्णविरामाचे टिंब किंवा दशांश चिन्ह बघावे. टिंबाची छोटी रेघ झाली असेल आणि सगळ्या रेघा एकाच दिशेला असतील, तर फोटो काढताना हात हलला आहे. संध्याकाळी खोलीतल्या एकाच दिव्याखाली असे हमखास होते, कारण कमी उजेडात कॅमेरा जास्त वेळ उघडा राहतो. टिंब पसरून गोल डाग झाला असेल तर फोकस चुकला आहे. अक्षरे मोठी यावीत म्हणून फोन पानाला अगदी टेकवला की असे होते, कारण बहुतेक फोनचा मुख्य कॅमेरा इतक्या जवळून फोकस करू शकत नाही. अक्षरांभोवती चौकोनी ठिपके दिसत असतील तर फोटो कदाचित चांगलाच होता, पाठवताना तो आकसला आहे. व्हॉट्सॲप साधा फोटो लहान करून पाठवते. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की तो मूळ आकारात पोहोचतो आणि पुन्हा काढण्याची गरजच उरत नाही. घडीजवळची अक्षरे मात्र कॅमेऱ्यामुळे बिघडत नाहीत. तिथे पान वळलेले असते, त्यामुळे ती दबून एकमेकांत शिरतात.

एवढे पाहिले की उत्तर लिहिणे सोपे जाते. ते साधारण असे असेल:

‘अगं, फोटो मिळाला. कप्पीचं गणित ना? 4 किलोचा ठोकळा, 3 किलोचं लटकतं वजन आणि g = 10 एवढं नीट वाचता येतंय. आकृतीतला कोन 30 आहे की 80 ते लागत नाहीये. घर्षण गुणांक घडीत गेलाय, 0.2 की 0.3? त्याच ओळीत सुरुवातीला ठोकळा स्थिर आहे असं काही लिहिलंय का? हे तिन्ही टाइप करून पाठवलंस तरी चालेल. आकृतीचा मात्र पुन्हा फोटो काढशील का? पुस्तक घडीपाशी दाबून धर, फोन वीतभर वर ठेव आणि आकृतीवर बोट टेकवून फोकस होऊ दे. फ्लॅश नको, पान चकाकतं. तू कुठपर्यंत सोडवलंयस तेही पाठव, म्हणजे तिथूनच पुढे बघू.’

या उत्तरातली सौम्यता ‘कृपया’सारख्या शब्दातून आलेली नाही. वर्गातल्या मुलीला कोणी ‘कृपया’ लिहिले तर ती उलट बिचकेल. जे वाचता आले ते आधी सांगितले आहे, त्यामुळे तिची मेहनत फुकट गेली असे तिला वाटत नाही. ‘तू फोटो नीट काढला नाहीस’ असे न म्हणता ‘कोन लागत नाहीये’ असे म्हटले आहे. आकड्यांबद्दल विचारताना दोन्ही शक्यता लिहिल्या आहेत, त्यामुळे तिला पुस्तक उघडून एक शब्दात उत्तर देता येते. टाइप करायची मुभा तर सगळ्यात सोयीची आहे. दोन आकड्यांसाठी नवा फोटो मागणे म्हणजे तिला उगाच कामाला लावणे. आकृतीचे तसे नाही. दोरी कोणत्या बाजूने जाते, कोन जमिनीशी मोजला आहे की उभ्या भिंतीशी, हे शब्दांत सांगताना गोंधळ होतो, म्हणून तिचा फोटोच हवा.

काही वेळा आकडे स्वच्छ दिसतात आणि तरीही गणित सुटत नाही. ‘प्रश्न 6 मधील आकृतीत’ असे लिहिलेले असते आणि प्रश्न 6 आधीच्या पानावर राहिलेला असतो. बहुपर्यायी प्रश्नात शेवटचा पर्याय फोटोच्या कडेला कापला जातो. कधी g ची किंमत पाठाच्या सुरुवातीलाच एकदा दिलेली असते. अशा वेळी पुसट भागाबद्दल तक्रार न करता कोणते पान किंवा कोणती ओळ हवी तेवढेच कळवावे.

नवा फोटो आला की आकडे नव्हे, त्यातली सगळ्यात बारीक चिन्हे आधी पाहावीत. दशांश चिन्ह, अंशाचे वर्तुळ आणि वजाची रेघ दिसली तर बाकीचेही दिसते. स्कॅनिंग ॲपमधून काढलेल्या काळ्यापांढऱ्या प्रतीत मात्र अक्षरे ठळक होतात आणि हीच चिन्हे पुसली जाऊ शकतात. 0.2 मधले टिंब गेले तर 02 उरते आणि ते तरी लगेच खटकते. वजाची रेघ गेली तर संख्या निमूटपणे धन होते आणि कोणाच्याही लक्षात येत नाही. म्हणून ऋण संख्या येऊ शकते अशा गणितात स्कॅनऐवजी साधा रंगीत फोटो मागितलेला बरा.