डिलिव्हरीच्या कामाचा बायोडेटा

डिलिव्हरीचे काम सोडून ऑफिसच्या नोकरीसाठी अर्ज करताना बायोडेटात नुसते ‘रेटिंग ४.८’ लिहून भागत नाही. ते किती ऑर्डरींवर आणि किती काळात मिळाले, हेही सांगावे लागते. कस्टमर सपोर्टच्या जागेसाठी अशी ओळ चालते : ‘डिलिव्हरी पार्टनर, पुणे, २०२२ ते २०२४, सुमारे ६,००० ऑर्डर, रेटिंग ५ पैकी ४.८.’ त्याखाली ग्राहक हाताळल्याचा एक प्रसंग द्यावा : पदार्थ कमी निघाल्यावर ग्राहकाचे ऐकून घेतले, हॉटेलला फोन केला, तक्रार ॲपवर नोंदवून दिली. ‘कर्मचारी’ मात्र लिहू नये. पार्टनर सहसा कंपनीच्या पगारावर नसतो आणि पडताळणीत ते उघड होते. अनुभवपत्र मिळेलच असे नाही, म्हणून खाते बंद होण्याआधी रेटिंगचे स्क्रीनशॉट घ्यावेत. नियमित जमा रकमा दाखवणारे बँक स्टेटमेंट कामातल्या सातत्याचा पुरावा ठरते.