लॅपटॉप चालू आहे तोवरच ही ४८ आकडी किल्ली काढून ठेवा



सांगली भागातल्या एका हार्डवेअर दुकानदारांचा मला मध्यंतरी फोन आला. लॅपटॉप चार्जच होत नव्हता म्हणून त्यांनी तो दुरुस्तीला टाकला. मदरबोर्ड बदलून लॅपटॉप परत आला, पण चालू केला तर विंडोजऐवजी निळा स्क्रीन. त्यावर Enter the recovery key for this drive असं लिहिलेलं आणि खाली आकडे टाकायची जागा. साहेब मला म्हणाले, "सर, मला माझा पासवर्ड पाठ आहे, पण हा तो मागतच नाहीये."

त्यांची सगळी टॅली त्या लॅपटॉपमध्ये होती. गिऱ्हाइकांची उधारीही त्यातच होती, आणि हार्डवेअरच्या धंद्यात उधारी म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको.

आधी हा स्क्रीन का येतो ते समजून घेऊ, कारण इथेच बहुतेकांची गफलत होते. विंडोज ११ चा नवीन लॅपटॉप घेतला आणि पहिल्यांदा सुरू करताना मायक्रोसॉफ्ट अकाउंट टाकलं, की बऱ्याच लॅपटॉपवर पूर्ण डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते. तुम्हाला वेगळं विचारलं जात नाही. होम आवृत्तीत याला Device encryption म्हणतात, प्रो आवृत्तीत बिटलॉकर. आतलं तंत्र एकच आहे. डिस्कवरचा सगळा डेटा कुलुपात जातो आणि ते कुलूप उघडण्याचं काम लॅपटॉपच्या आतल्या टीपीएम नावाच्या भागाकडे असतं. ही कधी वेगळी चिप असते, कधी प्रोसेसरमध्येच असते.

हा टीपीएम म्हणजे जुन्या पेढीवरचा मुनीम समजा. रोज लॅपटॉप सुरू होताना तो बघतो, की मशीन तेच आहे ना, सुरू होण्याची पद्धत तीच आहे ना. सगळं जुळलं की तो गुपचूप तिजोरी उघडतो आणि मग तुमच्यासमोर पिन किंवा पासवर्डचा स्क्रीन येतो. म्हणजे रोज तुम्ही टाकता तो पासवर्ड तिजोरी उघडल्यानंतरचा आहे. तिजोरीची किल्ली ती नव्हेच. मदरबोर्ड बदलला म्हणजे जुना मुनीमच गेला. नव्याला तिजोरीबद्दल काहीच माहीत नाही, म्हणून तो तुमच्याकडे मूळ किल्ली मागतो. बायोस अपडेट झाला, सिक्युअर बूट बंद केलं, डिस्क काढून दुसऱ्या लॅपटॉपला लावली, तरी हेच होऊ शकतं. कधी कधी तुम्ही काहीच केलेलं नसतं. जुलै २०२४ मध्ये विंडोजच्या एका सिक्युरिटी अपडेटनंतर काही मशीनवर हाच स्क्रीन आला होता. पुढच्या महिन्यातल्या अपडेटमध्ये ते दुरुस्त झालं, पण तोपर्यंत ज्याच्याकडे किल्ली होती तोच काम करू शकला.

ही किल्ली ४८ आकडी असते, सहा-सहा आकड्यांचे आठ गट. गंमत म्हणजे प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे एखादा आकडा चुकला तर बहुतेक वेळा तो गट तिथेच नाकारला जातो. चुकीची किल्ली टाकल्याने डेटा पुसला जात नाही, तेव्हा घाबरू नका. पण अंदाजाने ती सापडेल ही आशाही सोडा. शक्य किल्ल्यांची संख्या ३९ आकडी आहे.

आता साहेबांच्या केसकडे येऊ. निळ्या स्क्रीनवर Recovery key ID नावाची अक्षरं-आकड्यांची ओळ असते. ती किल्ली नाही, किल्लीचा टॅग नंबर आहे. तिची पहिली आठ अक्षरं मी त्यांना कागदावर लिहून घ्यायला लावली. मग मोबाइलवर aka.ms/myrecoverykey हा पत्ता उघडून त्यांच्या स्वतःच्या ईमेलने लॉगिन केलं. तिथे एकही किल्ली नव्हती. मुलाच्या अकाउंटवर एक सापडली, सगळे खूश झाले, पण टॅग नंबर जुळेना. ती मुलाच्या कॉलेजच्या लॅपटॉपची निघाली. टॅग बघायचा तो यासाठीच, नाहीतर संध्याकाळभर चुकीचे आकडे टाकत बसाल.

त्यांच्या लॅपटॉपवर विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती होती. या आवृत्तीपासून निळ्या स्क्रीनवर किल्ली कोणत्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर आहे याचा इशारा दिसतो, अर्धा पत्ता झाकलेला. तो पत्ता बघून साहेबांना आठवलं. दोन वर्षांपूर्वी लॅपटॉप घेतला तेव्हा काउंटरवरच्या मुलाने "साहेब, मी सेटअप करून देतो" म्हणत दुकानाच्या नावाने तिथल्या तिथे नवीन आउटलुक ईमेल काढला होता. पासवर्ड बिलाच्या मागे लिहून दिला होता म्हणे. बिल सापडलं. मागे काही नव्हतं.

पासवर्ड बदलायचा तर कोड जाणार त्या मुलाच्या मोबाइल नंबरवर. मुलगा नोकरी सोडून गेलेला आणि तो नंबर बंद. मायक्रोसॉफ्टचा अकाउंट परत मिळवण्याचा फॉर्म भरला, पण त्यात विचारतात जुने पासवर्ड, त्या ईमेलवरून कोणाला काय पाठवलं वगैरे. ज्या ईमेलवरून कधी एक मेल गेली नाही, त्याबद्दल काय लिहिणार? फॉर्म नाकारला गेला.

एक वाट अजून उरली होती. जुना मदरबोर्ड. तो मुनीम अजून जिवंत असेल, तर बोर्डावरचा चार्जिंगचा दोष चिप-लेव्हल दुरुस्ती करणाऱ्याकडून काढून घ्यायचा, तोच बोर्ड परत बसवायचा आणि तिजोरी उघडायची. हे होऊ शकतं. पण आम्ही विचारायला गेलो तेव्हा आठ दिवस उलटले होते आणि दुरुस्तीवाल्याने तो बोर्ड भंगारात दिला होता. म्हणून सांगतो, मदरबोर्ड बदलायला दिलात तर जुना बोर्ड मागून घ्या आणि डेटा डोळ्यांनी दिसेपर्यंत घरी ठेवा. बायोसची एखादी सेटिंग बदलल्यामुळे निळा स्क्रीन आला असेल, तर ती सेटिंग होती तशी करून बघा. पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं.

साहेब डेटा रिकव्हरीवाल्याकडेही गेले. बंद पडलेल्या डिस्कमधून फाइली काढणं हे त्यांचं काम, पण इथे डिस्क ठणठणीत होती. तिच्यातून जे काही वाचलं जाईल ते कुलुपातलंच असणार. "किल्लीशिवाय काढून देतो" म्हणणारा कोणी भेटला, तर त्याला ॲडव्हान्स देऊ नका. मायक्रोसॉफ्टच्या सपोर्टलाही हरवलेली किल्ली नव्याने बनवून देता येत नाही.

लॅपटॉप मात्र वाया जात नाही. पेनड्राइव्हवरून विंडोज नव्याने टाकलं की तो पुन्हा चालतो, फक्त आधीचा डेटा कायमचा जातो. साहेबांनी शेवटी तेच केलं. सीएकडे मार्चअखेरची टॅली बॅकअप होती, ती आणली. पुढच्या महिन्यांची विक्रीची बिलं जीएसटी पोर्टलवरच्या GSTR-1 वरून आणि खरेदी GSTR-2B वरून बसवली, बँकेच्या नोंदी स्टेटमेंटवरून. पण GSTR-1 मध्ये बिलानुसार तपशील असतो तो जीएसटी नंबर असलेल्या गिऱ्हाइकांचा. गवंडी, प्लंबर, सुतार यांची छोटी बिलं तिथे बहुतेक एकत्र बेरजेतच जातात. आणि साहेबांची खरी उधारी त्यांच्याकडेच होती. ती वहीतल्या खुणांवरून आणि लोकांच्या प्रामाणिकपणावर जेवढी आली तेवढी आली.

आता तुमच्या लॅपटॉपचं बघू. तो व्यवस्थित चालू आहे तोवर तिजोरी उघडी आहे, त्यामुळे किल्ली आतूनच वाचता येते, मग सेटअप कोणाच्याही अकाउंटने झालेला असो. स्टार्टमध्ये cmd टाइप करा, राइट क्लिक करून Run as administrator निवडा आणि हे टाका:

```
manage-bde -status C:
manage-bde -protectors -get C:
```

पहिल्या कमांडने Protection Status समजेल. Protection On दिसलं तर कुलूप लागलेलं आहे. डिस्क एन्क्रिप्टेड पण Protection Off असं दिसलं, तर कुलूप आहे आणि किल्ली दारालाच लटकते आहे असं समजा. लोकल अकाउंटने सुरू केलेल्या लॅपटॉपवर असं असू शकतं. उद्या कोणी त्यात मायक्रोसॉफ्ट अकाउंट टाकलं, की ते खरोखर लागू शकतं आणि किल्ली त्या माणसाच्या अकाउंटवर जाते. दुसऱ्या कमांडने Numerical Password खाली आधी ID आणि मग ४८ आकडे दिसतील. दोन्ही लिहून घ्या, आणि लिहिलेलं एकदा दुसऱ्या कोणाला वाचायला लावून ताडून घ्या.

कागदावर लॅपटॉपचं मॉडेल आणि तारीखही टाका. एक प्रत घरच्या कपाटात, खरेदीखताच्या फाइलमध्ये ठेवा, एक सीएकडे किंवा भावाकडे. लॅपटॉप हातात नसेल तर नुसत्या किल्लीचा चोराला काही उपयोग नाही, त्यामुळे फार लपवाछपवी नको. फक्त लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका. आणि कृपा करून त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर वर्ड फाइल करून ठेवू नका. मी हे पाहिलंय, म्हणून सांगतोय.

दुरुस्तीला किंवा बायोस अपडेटला देण्याआधी, लॅपटॉप सुरू होत असेल तर, कुलूप तात्पुरतं थांबवता येतं:

```
manage-bde -protectors -disable C: -RebootCount 0
```

काम झाल्यावर `manage-bde -protectors -enable C:` टाकायचं, म्हणजे नवा मुनीम तिजोरी ओळखायला लागतो. हे विसरलात तर कुलूप उघडंच राहील. आणि मधल्या काळात डेटा दुरुस्तीवाल्याला दिसू शकतो हेही ध्यानात ठेवा.

"मग सर, हे एन्क्रिप्शन बंदच करून टाकू का?" हा प्रश्न ठरलेला. Settings मध्ये Privacy & security खाली Device encryption बंद केलं की डिस्क हळूहळू उलगडते, डेटा जात नाही. दुकानातून न हलणाऱ्या कॉम्प्युटरसाठी तुम्ही ठरवा. पण लॅपटॉप गाडीवरून, एसटीतून फिरत असेल आणि त्यात गिऱ्हाइकांच्या आधार-पॅनच्या प्रती असतील, तर मी तरी बंद करणार नाही.

साहेबांनी नवीन सेटअप स्वतःच्या ईमेलने केला. किल्ली दोन कागदांवर आहे, आणि दर शनिवारी दुकान बंद करताना टॅलीची बॅकअप पेनड्राइव्हवर जाते. तो पेनड्राइव्ह वहिनींकडे असतो.