भुरी पानावरच थोपवायची तर

पाऊस ओसरला, दिवसा कोरडी ऊब आणि रात्री गारवा पडू लागला की काकडीच्या जुन्या, सावलीतल्या पानांवर पांढरे ठिपके उमटतात. बोटाने पुसले तर पीठ हाताला लागते. हीच भुरी. दोडका, भोपळा, कारले हे वेलही तिच्या तावडीत सापडतात. आठवडाभरात ठिपके एकमेकांत मिसळतात, पाने पिवळी पडून वाळतात आणि उघड्या पडलेल्या फळांना ऊन लागते.

केवडा हा वेगळा रोग. त्यात पानाच्या शिरांमध्ये कोनदार पिवळे डाग पडतात आणि दमट सकाळी पानाखाली करडी बुरशी दिसते. केवड्याला ओले पान लागते. भुरीचे बीजाणू मात्र वाऱ्याने येऊन कोरड्या पानावरही रुजतात, त्यांना फक्त दमट हवा पुरते. म्हणून दाट वाढलेला, नत्र जास्त झालेला, हवा न खेळणारा वेल तिला आवडतो.

भुरीची बुरशी पानाच्या वरच पसरते आणि बारीक शोषके आत घालून रस ओढते. तिचा बहुतेक पसारा उघड्यावर असल्यामुळे पानावर फवारलेले साधे द्रावणही तिच्यापर्यंत पोचते.

ब्राझीलमधील शास्त्रज्ञ वाग्नर बेतिओल यांनी हरितगृहातील झुकिनीवर गायीचे दूध फवारून पाहिले. झुकिनी भोपळ्याच्याच कुळातली. पाण्यात 5 ते 50 टक्के दूध मिसळून केलेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष 1999 मध्ये प्रसिद्ध झाले. दुधाचे प्रमाण वाढवले तशी भुरी कमी झाली आणि जास्त प्रमाणातल्या दुधाने तुलनेसाठी वापरलेल्या रासायनिक बुरशीनाशकांच्या तोडीचे काम केले.

परसबागेसाठी 1 लिटर दुधात 9 लिटर पाणी मिसळावे, गाळून घ्यावे आणि उन्हाच्या सकाळी पानांच्या दोन्ही बाजू भिजतील असे फवारावे. आठवड्यातून एकदा, आणि पावसाने धुऊन गेले तर पुन्हा. दूध फार घट्ट वापरले तर पानावर दुसरीच निरुपद्रवी बुरशी वाढू शकते आणि वासही येतो.

मोठ्या क्षेत्रावर दूध परवडत नाही. तिथे पाण्यात विरघळणारे गंधक 10 लिटर पाण्यात साधारण 20 ग्रॅम, पाकिटावरील सूचना पाहून वापरता येते. सेंद्रिय शेतीतही त्याला मुभा आहे. पण पारा 32 अंशांवर गेला की गंधकाने पाने करपतात. खरबुजाच्या काही जाती तर फारच नाजूक असतात. कडुनिंबाचे तेल फवारले असेल तर दोन आठवडे गंधक टाळावे, नाहीतर तोच त्रास होतो.

दूध काय किंवा गंधक काय, दोन्ही नव्या पानांचे रक्षण करतात, वाळलेले पान हिरवे करत नाहीत. म्हणून पहिला ठिपका दिसताच फवारणी सुरू करावी. अर्ध्याहून अधिक पांढरी झालेली तळाची पाने मात्र खुडून बागेबाहेर न्यावीत.