लोगोचे पैसे दिले, मग लोगो कुणाचा?

कोल्हापूरच्या एका मसाला उद्योजकाचं उदाहरण घेऊ. त्याने पुण्यातल्या एका स्वतंत्र डिझायनरकडून लोगो आणि पाकिटांची सजावट करून घेतली. सगळा व्यवहार फोनवरच्या निरोपांतून झाला. ‘४० हजार, तीन आठवडे, तीन दुरुस्त्या’ एवढं ठरलं. काम वेळेत झालं, पैसेही वेळेत पोचले. दोन वर्षांनी धंदा वाढला, तेव्हा उद्योजकाने पाकिटावरच्या कलाकृतीची कॉपीराइट नोंदणी करायचं ठरवलं. अर्ज भरताना वकिलाने सांगितलं, की ज्यांनी चित्र काढलं त्यांचं ना-हरकत पत्र लागेल. उद्योजक चक्रावला. पूर्ण पैसे मोजून घेतलेल्या वस्तूसाठी आता परवानगी कसली मागायची?

हे उदाहरण रचलेलं असलं, तरी अडचण खरी आहे आणि तिचं मूळ १९५७च्या कॉपीराइट कायद्यात आहे. या कायद्याच्या कलम १७चा मूळ नियम असा, की कलाकृती जो निर्माण करतो तोच तिचा पहिला मालक. नोकरीत असलेल्या माणसाने नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम मालकाचं होतं. स्वतंत्रपणे, ठरावीक रकमेवर काम करणारा माणूस मात्र नोकर नसतो. त्यामुळे त्याने काढलेला लोगो, लिहिलेला मजकूर किंवा बांधलेलं सॉफ्टवेअर, वेगळं काही लेखी ठरलेलं नसेल तर, कायद्याने त्याचंच राहतं. ग्राहकाला ते ठरलेल्या कामासाठी वापरायची मुभा आहे असं मानलं जाऊ शकतं, पण मुभा म्हणजे मालकी नव्हे. घर भाड्याने घेणं आणि विकत घेणं यांत जो फरक आहे, तोच इथे आहे.

याच कलमात एक अपवाद आहे आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. पैसे देऊन कुणाकडून छायाचित्र, रंगचित्र, व्यक्तिचित्र, कोरीव मुद्रण किंवा चित्रपट करवून घेतला, तर उलट ठरलं नसल्यास पहिला मालक काम सांगणारा असतो. म्हणजे त्या मसालेवाल्याने पाकिटासाठी छायाचित्रकाराकडून मिरच्यांचे फोटो काढून घेतले असतील, तर फोटोंची मालकी त्याच्याकडे जाते आणि त्याच पाकिटावरच्या लोगोची मात्र डिझायनरकडे राहते. एका पाकिटाचे दोन मालक! छायाचित्रकारांनी म्हणूनच जास्त सावध राहायला हवं, कारण करार गप्प असला की नुकसान त्यांचं होतं.

मालकी ग्राहकाला द्यायची असेल, तर ती लेखी हस्तांतराने द्यावी लागते आणि त्यावर देणाऱ्याची सही लागते. हे कलम १९ सांगतं. कोणती कलाकृती, कोणते हक्क, किती काळासाठी आणि कोणत्या प्रदेशासाठी, हे त्या कागदात लिहायचं असतं. मोबदल्याची रक्कमही. आता इथे लोक घसरतात. ‘सर्व हक्क ग्राहकाचे’ एवढं एक वाक्य लिहून दोघेही निश्चिंत होतात. पण काळ लिहिला नसेल, तर कायदा पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल, तर फक्त भारत. शिवाय मिळालेला हक्क ग्राहकाने वर्षभरात वापरलाच नाही आणि करारात वेगळं काही म्हटलेलं नसेल, तर त्या हक्कापुरतं हस्तांतर संपुष्टात येतं. पाकिटं दुबईला पाठवायची असतील, तर ‘सर्व हक्क’ हे शब्द तोकडे पडतात.

दुसरी घसरण परदेशी नमुन्यांची नक्कल केल्याने होते. इंटरनेटवरून उतरवलेल्या अमेरिकी करारात ‘वर्क फॉर हायर’ असे शब्द असतात. भारतीय कायद्यात स्वतंत्र व्यावसायिकासाठी अशी सोय नाही, त्यामुळे केवळ या शब्दांवर विसंबणं धोक्याचं आहे. खुद्द अमेरिकेतही हे शब्द सगळीकडे चालत नाहीत. वॉशिंग्टनमधल्या एका बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थेने जेम्स अर्ल रीड या शिल्पकाराकडून शिल्प करून घेतलं. कॉपीराइटबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८९मध्ये न्यायालयाने सांगितलं, की रीड नोकर नव्हते, ते स्वतंत्र कंत्राटदार होते. स्वतःची अवजारं, स्वतःचा कारखाना, स्वतःची वेळ, अशा गोष्टी न्यायालयाने तपासल्या. संस्थेने कल्पना दिली, सूचना केल्या, पैसे दिले, तरी तेवढ्याने रीड नोकर ठरले नाहीत.

मग चांगलं कलम कसं असतं? कोल्हापूरच्या उदाहरणात ते साधारण असं लिहिता आलं असतं: ‘ठरलेले ४०,००० रुपये पूर्ण जमा झाल्यावर, सोबत जोडलेल्या अंतिम लोगोचे आणि तीन पाकिटांच्या सजावटीचे छपाई, प्रदर्शन, रूपांतर यांसह सर्व कॉपीराइट हक्क जगभरासाठी आणि कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी ग्राहकाकडे हस्तांतरित होतील. हक्क वर्षभरात वापरले नाहीत म्हणून हे हस्तांतर रद्द होणार नाही.’

यातला पहिला तुकडा डिझायनरला वाचवतो. मालकी काम पाठवल्याच्या दिवशी जात नाही, ती शेवटचा हप्ता मिळाल्यावर जाते. हप्ता अडला, तर हक्क त्याच्या हातात राहतात आणि वसुलीसाठी तेच त्याचं बळ असतं. ‘अंतिम’ या शब्दालाही वजन आहे. डिझायनरने आठ कच्ची रेखाटनं दाखवली आणि एक निवडलं गेलं, तर उरलेली सात कुणाची, हे त्या एका शब्दाने ठरतं. ती डिझायनरकडेच राहतील, असं पुढच्या ओळीत स्पष्ट लिहावं.

आणखी दोन गोष्टी कागदावर याव्या लागतात. डिझायनर विकत घेतलेला फॉन्ट वापरतो, प्रोग्रॅमर आपल्याकडचा जुना कोड जोडतो. या गोष्टी या कामासाठी तयार झालेल्या नसतात. फॉन्ट तर डिझायनरच्या मालकीचाही नसतो, त्यामुळे तो ग्राहकाला देऊ शकत नाही. अशा वस्तूंची यादी द्यावी आणि त्यांचा फक्त वापर-परवाना कुणी, कसा घ्यायचा ते लिहावं. दुसरी गोष्ट मूळ फाइलींची. कॉपीराइट मिळाला म्हणजे बदल करता येण्याजोगी फाइल आपोआप मिळते, असं नाही. ती हवी असेल तर द्यायच्या वस्तूंच्या यादीत तिचं नाव असावं लागतं.

सगळं विकल्यावरही कलावंताकडे काही उरतं. कलम ५७प्रमाणे आपलं नाव सांगण्याचा आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधेल अशी मोडतोड रोखण्याचा हक्क त्याच्याकडे राहतो. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी केलेलं भव्य ब्राँझचं भित्तिशिल्प १९७९मध्ये काढून गोदामात टाकलं गेलं आणि त्याची दुर्दशा झाली. ते सरकारने पैसे देऊन करवून घेतलेलं होतं. तरीही २००५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सेहगल यांच्या बाजूने निकाल दिला, उरलेलं शिल्प त्यांना परत करायला सांगितलं आणि ५ लाख रुपये भरपाई ठरवली.

ज्यांचं काम झालं आहे पण कागद झालेला नाही, त्यांनी आजच जुने निरोप उघडून पाहावेत. हस्तांतर काम संपल्यानंतरही लिहून देता येतं. काम, हक्क, मुदत, प्रदेश आणि रक्कम एवढं एका पानात मावतं, खाली निर्मात्याची सही लागते, आणि संबंध चांगले असताना ती मागणं व देणं दोन्ही सोपं जातं.