आधी अवघड पाच गणिते

अपूर्णांकांची बेरीज शिकवून झाली की शिक्षक स्वाध्यायातली सर्वांत अवघड पाच गणिते आधी देतात. अमेरिकी शिक्षिका सुझन वाइनब्रेनर यांनी ही पद्धत रुजवली. संधी सगळ्या वर्गाला. चार बरोबर आली की उरलेल्या सरावातून सुटका. ही निवड त्या धड्यापुरतीच असते, म्हणून पुढच्या वेळी वेगळी मुलेही पुढे येतात.

सुटलेल्यांना तसलीच आणखी वीस गणिते देणे ही मोठी चूक. मग मुले येत असूनही लपवतात.

त्याऐवजी प्राचीन इजिप्तचे कोडे द्यावे: अंश १ असलेले वेगवेगळे अपूर्णांक मिळवून २/५ करा. १/३ आणि १/१५ सापडेपर्यंत समच्छेद चांगलाच घोटला जातो. धड्याअखेरची चाचणी मात्र सर्वांसोबतच. तिथे गुण घसरले, तर राहिलेला सराव करून घ्यायचा.