जळजळ मिसळीची की झोपायच्या वेळेची?

मागच्या महिन्यात सातपूर भागातल्या एका बचत गटाची बैठक होती. हप्ते जमा झाले, वही पूर्ण झाली आणि चहा आला. चौदा जणींपैकी पाच जणींनी चहाला नाही म्हटलं. का, तर पित्त होतं. मग जो विषय निघाला तो तासभर संपेना. एकीने तूरडाळ सोडली होती, दुसरीने वांगं. तिसरी म्हणाली, "मी तर मिसळीचं नावच टाकलं." नाशिकमध्ये राहून मिसळ सोडायची म्हणजे काय, ते तुम्हाला आम्ही वेगळं सांगायला नको! आणि एवढं सोडूनही तिघींचीही रात्रीची जळजळ थांबलेली नव्हती. म्हणून आज त्यावरच बोलू. आम्ही काही डॉक्टर नाही. पण या विषयावर आम्ही आरोग्य केंद्रात विचारलं, वाचलं आणि एका ताईच्या बाबतीत तीन-चार आठवडे प्रत्यक्ष करून पाहिलं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. आपल्याकडे डोकं दुखलं तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्त आणि छातीत जळजळलं तरी पित्तच. हे सगळं एक नसतं. अर्धं डोकं ठणकतं, उजेड नकोसा होतो आणि मग उलटी होते, तो त्रास बऱ्याचदा अर्धशिशीचा असतो. आज आपण बोलतोय ते छातीच्या मधोमध होणारी जळजळ, आंबट ढेकर आणि घशाशी येणारं आंबट-कडू पाणी याबद्दल.

जठरात आम्ल असतं आणि ते असायलाच हवं, अन्न पचवायला ते लागतं. जठराच्या तोंडाशी, अन्ननलिका जिथे संपते तिथे, स्नायूंचं एक कडं असतं. घास आला की ते उघडतं, मग आवळून बसतं. हे कडं नको तेव्हा सैल पडलं की आम्ल वर चढतं. जठराला आम्ल सोसायची सवय असते, अन्ननलिकेला नसते, म्हणून जळजळ होते. म्हणजे बहुतेक वेळा दोष आम्ल जास्त झाल्याचा नसून ते चुकीच्या जागी गेल्याचा असतो. कडं सैल पडायचं मोठं कारण म्हणजे तट्ट भरलेलं पोट. त्यात आपण आडवं झालो, की आम्लाला वर यायला चढणच राहत नाही.

आता त्या मिसळ सोडलेल्या ताईंची गोष्ट. त्यांचे यजमान कारखान्यात दुसऱ्या पाळीला असतात, घरी यायला साडेअकरा होतात. ताई दिवसभर घरकाम आणि शिलाई करतात, दोन वेळचा स्वयंपाक करतात आणि रात्री यजमानांबरोबर जेवतात. भांडी घासून बारा-सव्वाबाराला आडव्या होतात, आणि एक वाजता छाती धरून उठून बसतात. आम्ही त्यांना गटाच्या वहीतली कोरी पानं दिली. काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, कधी आडव्या झाल्या आणि जळजळ कधी झाली, एवढंच लिहायचं. दोन आठवडे काहीही बदलायचं नाही, उलट मिसळही खायची.

वही पाहिली तर चौदापैकी नऊ रात्री जळजळ होती. त्या नऊही रात्री जेवण अकरानंतरचं होतं. यजमानांची सुट्टी असली आणि नऊला जेवण झालं, की रात्र शांत. दोन रविवारी सकाळी मिसळ झाली होती. एकदा थोडे आंबट ढेकर आले, एकदा काहीच नाही. कारण मिसळ सकाळी नऊला खाल्ली जाते आणि त्यानंतर बाई दिवसभर उभी असते!

म्हणून पहिला बदल जेवणाच्या वेळेत केला. जेवण आणि झोप यांत दोन ते तीन तासांचं अंतर हवं. हा सल्ला पोटाच्या आजारांचे तज्ज्ञही देतात. सांगायला सोपं आहे, पण ताईंच्या सासूबाईंनी विचारलं, "नवऱ्याआधी जेवायचं?" यावर आम्ही वाद घातला नाही. ताईंनी रात्री साडेआठला मुलांबरोबर आणि सासूबाईंबरोबरच जेवायला सुरुवात केली. यजमान आले की त्यांना गरम वाढायचं, शेजारी बसायचं, बोलायचं. स्वतःच्या ताटात काही नाही. चौथ्या दिवशी यजमानच म्हणाले, "तू जेवून घेत जा, माझ्यासाठी थांबू नको." सगळ्यांच्याच घरी इतकं सहज होईल असं आम्ही म्हणत नाही. जिथे होणार नाही तिथे निदान मुख्य जेवण लवकर आणि यजमानांबरोबर अर्धी भाकरी, असं करता येईल.

दुसरा बदल अंथरुणात. खाटेच्या डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा एकावर एक ठेवल्या, की साधारण सहा इंच उंची मिळते. विटा हलत नाहीत ना, हे आधी नीट बघायचं. नुसत्या दोन उशा घेऊन उपयोग होत नाही. मान वर जाते, पण पोट दुमडतं आणि दाब उलट वाढतो. खाली झोपणाऱ्यांनी गोधड्यांच्या घड्या पायऱ्यांसारख्या लावून कमरेपासून डोक्यापर्यंत उतार करावा. आणि कूस डावी घ्यावी. डाव्या कुशीवर जठरातलं आम्ल खाली राहतं आणि अन्ननलिकेचं तोंड त्याच्या वर राहतं. उजव्या कुशीवर हेच उलटं होतं.

२००६ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासले होते. वाढलेलं वजन कमी करणं आणि डोक्याकडची बाजू उंच करणं, या दोन गोष्टींना त्यांना चांगला आधार सापडला. अमुक पदार्थ सोडला की रोग सुधारतो, याला मात्र पुरेसा पुरावा मिळाला नाही. याचा अर्थ खाण्याने काहीच होत नाही असा नाही. प्रत्येकीला सोसणारं आणि न सोसणारं वेगळं असतं, म्हणून सगळ्यांना एकच यादी देता येत नाही, एवढाच अर्थ.

कांद्याचंच घ्या, आपल्या जिल्ह्याचं पीक. १९९० मध्ये अमेरिकेत एक छोटा प्रयोग झाला. तेच जेवण एकदा कच्च्या कांद्याशिवाय दिलं आणि एकदा कांद्यासकट. ज्यांना आधीपासून जळजळीचा त्रास होता, त्यांना कांद्याने तो वाढला. ज्यांना त्रास नव्हता, त्यांना काही फरक पडला नाही. म्हणजे जाऊबाईंना चालतो म्हणून तुम्हाला चालेलच असं नाही, आणि तुम्हाला बाधतो म्हणून घरात सगळ्यांचा बंद करायचंही कारण नाही.

चहाचं मात्र थोडं ऐकावं लागेल. अमेरिकेतल्या सुमारे ४८ हजार नर्सबाईंच्या अभ्यासात दिसलं, की दिवसाला सहाहून जास्त वेळा चहा, कॉफी किंवा सोड्याची पेयं घेणाऱ्यांना जळजळ जास्त होती. दोन वेळच्या जागी साधं पाणी घेतलं तर ती कमी दिसली. आमच्या ताई पाच वेळा चहा घेत होत्या, त्या दोनवर आल्या.

आणि मिश्री. याबद्दल बैठकीत कोणी आपणहून बोलत नाही, पण दात घासायच्या निमित्ताने दिवसातून तीनदा लावणाऱ्या आपल्यातच आहेत. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तंबाखूतलं निकोटीन ते कडं सैल करतं. तोंडाच्या कॅन्सरचं तर बाजूलाच राहिलं.

आता घरगुती उपाय. थंड दूध प्यायल्यावर बरं वाटतं, हे खरं आहे. दूध आम्लाला थोडा वेळ सौम्य करतं, पण नंतर दुधामुळेच जठर नव्याने आम्ल सोडतं. अधूनमधून एखादा कप ठीक, पण झोपताना पेलाभर दूध म्हणजे पुन्हा भरलेलं पोट. खाण्याचा सोडाही आम्ल मारतो, पण त्याच्या एका चमचात एक ग्रॅमहून जास्त सोडियम असतं आणि जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसाला दिवसभरासाठी दोन ग्रॅमच्या आत राहायला सांगितलं आहे. बीपी असलेल्या बाईने तो रोज घेऊ नये. पुदिना गारवा देतो म्हणून पित्तावर चांगला, असं सगळेच सांगतात. पण पुदिन्याचा तीव्र अर्क तेच कडं सैल करतो. चटणीतल्या चार पानांची काळजी नको, जळजळीवर औषध म्हणून अर्क मात्र नको. आणि घशात बोटं घालून "पित्त काढून टाकणं" अजिबात नको. रिकाम्या पोटी ओकत राहिलं, की शेवटी पिवळं-हिरवं पाणी येतं. ते आतड्यातून वर ओढलेलं असतं, रोग बाहेर पडलेला नसतो. त्यात अन्ननलिका आणि दातच खराब होतात.

संकष्टीबद्दल विचारलं जातं. उपास सोडायला सांगत नाही. पण दिवसभर चहा आणि साबुदाणा, चंद्रोदय रात्री नऊ-दहाच्या सुमाराला, मग मोदकांसह पोटभर जेवण आणि लगेच झोप, यात वर सांगितलेलं सगळं एकाच दिवशी येतं. नैवेद्य घेऊन थोडंच जेवा आणि शक्य तितक्या उशिराने आडव्या व्हा. उरलेला मोदक सकाळी खाता येतो.

काही वेळा मात्र वही-विटांवर थांबू नका. घास अडकतो, वजन आपोआप उतरतं, उलटीत रक्त दिसतं किंवा शौच डांबरासारखी काळी होते, तर लगेच डॉक्टरांकडे जा. कंबरदुखी-गुडघेदुखीच्या गोळ्या वारंवार घेत असाल तर तेही त्यांना सांगा, कारण त्या गोळ्यांनी जठराला जखमा होतात. आणि छातीत दडपण, सोबत घाम, धाप, जबड्यात किंवा हातात कळ असेल, तर ते पित्त समजून सोडा पीत बसू नका, १०८ ला फोन लावा. हृदयविकाराचा झटका बायकांमध्ये मळमळ आणि थकवा घेऊनही येतो, आणि घरात "पित्त झालंय" म्हणून तो झाकला जातो.

ताईंच्या वहीत तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिळून दोनच रात्री जळजळीच्या आहेत. मग त्यांनी सोडलेले पदार्थ एकेक करून, प्रत्येकी तीन दिवस, परत खाऊन पाहिले. तूरडाळ चालली. वांगं चाललं. रात्रीचा कच्चा कांदा नाही चालला, आणि तर्रीचं वरचं तेल नाही. आता रविवारी त्या मिसळ खातात, तर्री वेगळ्या वाटीत मागून घेतात आणि आपला कांदा मुलाच्या ताटात टाकतात.